दोन हजार भरले, देणं वाढलं

क्रेडिट कार्डाच्या बिलात सगळ्यात वर, ठळक चौकटीत दोन आकडे असतात. एक मोठा, ‘टोटल अमाउंट ड्यू’ म्हणजे एकूण देय रक्कम. दुसरा त्याच्या शेजारी, बराच लहान आणि म्हणूनच नजरेला सुखावणारा, ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ म्हणजे किमान देय रक्कम. बँकेच्या ॲपमध्ये पैसे भरायला गेलं की तिथेही हे दोन पर्याय एकाखाली एक येतात आणि तिसरा असतो ‘दुसरी रक्कम’. महिनाअखेरीला खात्यात चणचण असली की बोट आपसूक लहान आकड्याकडे जातं. पैसे गेले, ‘आपला भरणा यशस्वी झाला’ असा संदेश आला, बँकेतून तगाद्याचा फोन आला नाही. सगळं सुरळीत आहे असंच कुणालाही वाटेल.

सुरळीत असतं, पण बँकेच्या दृष्टीनं. किमान देय रक्कम हा आकडा मुळात बँकेच्या हिशेबवहीसाठी आहे. तेवढे पैसे आले की खातं थकीत धरलं जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ड्यू डेटपासून 90 दिवसांत ही किमान रक्कमसुद्धा पूर्ण आली नाही, तर ते खातं बुडीत खात्यांच्या, म्हणजे एनपीएच्या यादीत जातं. ती भरत राहिलं, तर विलंब शुल्क लागत नाही आणि पतअहवालात थकबाकीची नोंद होत नाही. किमान रकमेचं काम इथे संपतं. व्याज थांबवणं हे तिचं काम कधीच नव्हतं, आणि नेमका हाच समज बहुतेक कार्डधारकांच्या मनात असतो.

एक हिशेब तारीखवार मांडून पाहिला की हे चित्र स्वच्छ दिसतं. समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका बाईंकडे कार्ड आहे. त्यांचं बिल दर महिन्याच्या 10 तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख 30. व्याजाचा दर दरमहा 3.5 टक्के. आज बाजारातल्या बहुतेक कार्डांचे दर साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास आहेत, तेव्हा हा दर काही मुद्दाम फुगवलेला नाही. गौरी-गणपतीच्या तोंडावर, 20 ऑगस्टला, त्यांनी 30,000 रुपयांचा फ्रिज घेतला. 2 सप्टेंबरला कपडे आणि किराणा मिळून 10,000 झाले. मागची काहीच बाकी नव्हती. 10 सप्टेंबरच्या बिलात एकूण देय 40,000 आणि किमान देय, पाच टक्क्यांच्या हिशेबानं, 2,000.

30 सप्टेंबरपर्यंत त्यांनी पूर्ण 40,000 भरले असते, तर एक पैसाही व्याज लागलं नसतं. फ्रिजचे पैसे त्यांना जवळजवळ 41 दिवस बिनव्याजी वापरायला मिळाले असते. ‘पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी’ अशी जी जाहिरात असते, ती या व्यवस्थेची. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर तीस दिवस पुढच्या बिलापर्यंतचे आणि वीस दिवस ड्यू डेटपर्यंतचे. बिल निघण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला मात्र जेमतेम वीस-एकवीस दिवस मिळतात.

पण ही सवलत सशर्त आहे. बिल पूर्ण भरलं तरच ती टिकते. थोडी जरी बाकी ठेवली, तरी ती मागच्या तारखेपासून निघून जाते, आणि मग व्याज ड्यू डेटपासून मोजत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून मोजतात. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या खातेवहीची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तिथे अर्धे पैसे दिले की अर्धी उधारी राहते आणि ती पुढच्या महिन्याच्या पानावर जाते, एवढंच. कार्डाच्या हिशेबात अर्धे पैसे दिले की उरलेल्या अर्ध्याचा मीटर दीड महिन्यामागे जाऊन सुरू होतो.

बाईंनी 30 सप्टेंबरला 2,000 भरले. आता 10 ऑक्टोबरचं बिल कसं तयार होतं ते पाहू. भरलेले दोन हजार फ्रिजच्या रकमेतून वळते झाले असं धरू. म्हणजे फ्रिजचे 28,000 राहिले. 20 ऑगस्ट ते 10 ऑक्टोबर हे 52 दिवस होतात. दरमहा 3.5 म्हणजे सालाना 42 टक्के. त्या दरानं 28,000 रुपयांचं 52 दिवसांचं व्याज होतं 1,675 रुपये. कपडे-किराण्याच्या 10,000 वर 2 सप्टेंबरपासून 39 दिवसांचं व्याज 449 रुपये. मधल्या काळात, 3 ऑक्टोबरला, त्यांनी सणाची म्हणून आणखी 6,000 रुपयांची खरेदी केली होती. ती तर अगदी ताजी, तिची ड्यू डेट अजून जवळजवळ महिनाभर लांब. तिच्यावरही आठ दिवसांचे 55 रुपये लागले, कारण मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तिन्ही मिळून 2,179 रुपये. बिलावर ही ओळ ‘फायनान्स चार्जेस’ या नावानं येते.

तिच्या खाली आणखी एक ओळ असते, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. जीएसटी. घरकर्जाच्या, वैयक्तिक कर्जाच्या किंवा सोनेतारणाच्या व्याजावर जीएसटी नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला मात्र कायद्यानं या माफीतून वगळलं आहे आणि त्यावर 18 टक्के कर लागतो. 2,179 वर हे 392 रुपये होतात. म्हणजे साडेतीन टक्क्यांचा दर खिशातून जाताना 4.13 टक्के होतो आणि सालाना 42 चे सुमारे साडेएकोणपन्नास.

बेरीज करा. 40,000 मधून 2,000 वजा, सणाचे 6,000 अधिक, व्याज आणि कर मिळून 2,571 अधिक. नव्या बिलाची एकूण रक्कम 46,571. सणाची खरेदी आणि तिचं व्याज बाजूला ठेवलं तरीही जुनं देणं 40,000 वरून साधारण 40,507 झालेलं असतं. बँकेनं मागितलेली रक्कम वेळेवर, शेवटच्या पैशापर्यंत भरली आणि तरी देणं पाचशे रुपयांनी वाढलं.

हा हिशेब ग्राहकाच्या बाजूनं झुकता ठेवून केला आहे. भरलेले 2,000 रुपये 30 सप्टेंबरपर्यंत बँकेचेच होते, पण त्यांचं व्याज इथे धरलेलं नाही. व्याज हे भरणा, परतावा आणि रद्द झालेले व्यवहार वजा जाता उरणाऱ्या बाकीवरच लावायचं, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. एखाद्या बँकेनं भरणा होण्याआधीच्या दिवसांचा हिशेब नेमका कसा मांडलाय, हे तिच्या महत्त्वाच्या अटी-शर्तींच्या पत्रकात उदाहरणासह दिलेलं असतं. कार्डासोबत आलेल्या त्या बारीक टायपातल्या कागदांतलं वाचण्यासारखं पान बहुधा हेच.

आता दुसऱ्या महिन्याची गंमत. 10 ऑक्टोबरच्या बिलात किमान देय रक्कम 2,000 च्या आसपास असेल असं बाईंना वाटत होतं. ती आली 4,771. व्याजाचे 2,179, कराचे 392 आणि खरेदीच्या 44,000 बाकीचे पाच टक्के, म्हणजे 2,200. पहिल्या बिलात व्याज नव्हतंच, म्हणून किमान रक्कम लहान दिसली. एकदा व्याज सुरू झालं की अनेक बँकांच्या सूत्रात ते आणि त्यावरचा कर पूर्ण धरला जातो. कार्डावर घेतलेल्या वस्तूचा हप्ता चालू असेल तर तोही. मर्यादेपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर ती वरकड रक्कमही. सगळ्या बँकांचं सूत्र एक नाही. काही मूळ बाकीच्या पाच टक्के घेतात, काही दोन टक्के, काही सगळ्याची मिळून पाच टक्के.

या सूत्रांवर रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये एक बंधन घातलं. त्या वर्षी 21 एप्रिलला क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे एकत्रित निर्देश निघाले. त्यात म्हटलं आहे की, किमान रक्कम अशी ठरवा की ती नियमित भरणाऱ्याचं देणं वाढत जाता कामा नये. शिवाय न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारायचं नाही. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे हे खरं. पण त्याची अपेक्षा किती माफक आहे, तेही पाहायला हवं.

समजा 40,000 ची बाकी आहे, कार्ड कपाटात ठेवून दिलंय, नवी खरेदी शून्य. बँकेचं सूत्र आहे व्याज-करासह एकूण रकमेच्या पाच टक्के. पहिल्या महिन्यात व्याज आणि कर मिळून 1,652 रुपये होतात. किमान रक्कम येते 2,083. त्यातले 1,652 आधी कर आणि व्याजात जातात. मुद्दल कमी होतं 431 रुपयांनी. देणं वाढलं नाही, म्हणजे नियम पाळला गेला. याच चालीनं दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिलं, तर 40,000 चे 20,000 व्हायला सुमारे 64 महिने लागतात. सव्वापाच वर्षं. तेवढ्या काळात भरलेल्या पैशांची बेरीज 96,000 च्या वर जाते, आणि तरी वीस हजार शिल्लक असतात. यात विलंब शुल्क नाही, दंड नाही, एकही हप्ता चुकलेला नाही.

ज्या बँका व्याज आणि कर पूर्ण वसूल करून वर मुद्दलाच्या पाच टक्के मागतात, तिथे तीच बाकी चौदा महिन्यांत निम्मी होते. म्हणजे ज्या बँकेची किमान रक्कम मोठी, तिथे ग्राहक लवकर सुटतो. किमान देय रक्कम लहान असणं ही कार्डाची सोय आहे असं मानणाऱ्यांनी हा फरक जरा निरखून पाहावा.

फिरत्या बाकीला बँकांच्या भाषेत ‘रिव्हॉल्व्हिंग क्रेडिट’ म्हणतात, आणि अशा ग्राहकाला ‘रिव्हॉल्व्हर’. दर महिन्याला बिल पूर्ण भरणारा तो ‘ट्रान्झॅक्टर’. त्याच्याकडून बँकेला दुकानदाराकडच्या कमिशनचा वाटा आणि वार्षिक शुल्क एवढंच मिळतं, आणि वर त्याला रिवॉर्ड पॉइंट द्यावे लागतात. व्याज येतं ते रिव्हॉल्व्हरकडून.

आपण रिव्हॉल्व्हर झालो आहोत का, हे ओळखायला बिलातल्या दोन जागा पुरतात. वरच्या गोषवाऱ्यात ‘मागील बाकी’ आणि ‘भरणा’ असे दोन आकडे असतात. भरणा मागील बाकीपेक्षा कमी असेल तर उत्तर मिळालं. दुसरी जागा व्यवहारांच्या यादीत, बहुधा शेवटी शेवटी, जिथे फायनान्स चार्जेस आणि त्याखाली जीएसटीची नोंद असते. ही जोडी दिसली की त्या कार्डावर केलेला चहाचा खर्चसुद्धा त्याच दिवसापासून व्याजाखाली असतो. रिवॉर्ड पॉइंटच्या आशेनं तेच कार्ड पुढे वापरत राहणारे पुष्कळ आहेत. शंभर रुपयांवर मिळणाऱ्या पॉइंटची किंमत काही पैशांपासून एखाद-दोन रुपयांपर्यंत, आणि त्याच शंभरावरचं महिन्याचं व्याज चार रुपयांच्या वर.

अंबडच्या बाईंकडे परत येऊ. दिवाळीचा बोनस 16 ऑक्टोबरला त्यांच्या खात्यात आला. झाला प्रकार त्यांना आवडलेला नव्हताच. यावेळी त्यांनी ठरवून, ड्यू डेटला म्हणजे 30 ऑक्टोबरला, पूर्ण 46,571 रुपये भरले आणि विषय संपवला. कार्ड तर सणानंतर वापरलंच नव्हतं. 10 नोव्हेंबरच्या बिलात पुन्हा 1,195 रुपये.

अशा वेळी बहुतेकांना वाटतं, बँकेची चूक झाली. चूक नसते. 10 ऑक्टोबरचं बिल त्या दिवसापर्यंतचं व्याज दाखवत होतं. 11 ते 30 ऑक्टोबर असे वीस दिवस 44,000 ची बाकी उभीच होती. तिचं रोजचं व्याज सुमारे 51 रुपये, वीस दिवसांचे 1,013, त्यावर कर 182. हे मागून येणारं व्याज. बिल छापताना ते अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ‘एकूण देय’ या आकड्यात ते येऊ शकत नाही. ज्या महिन्यात व्याज चालू असतं, त्या महिन्यात ‘एकूण देय’ हा आकडा एकूण नसतोच.

यातून दोन अडचणी निघतात. पहिली, लोक हे हजार-बाराशे चुकीचे समजून भरतच नाहीत. मग त्यावर विलंब शुल्क, शुल्कावर जीएसटी, आणि पतअहवालात थकबाकीची नोंद. चाळीस हजार फेडणाऱ्याचा सिबिल स्कोअर बाराशे रुपयांपायी खाली येतो. दुसरी, वैतागून कार्ड बंद करायला निघालेल्यांची. त्यांनी शेवटचं बिल भरलं, कार्ड कापून टाकलं आणि नंतर मागचं व्याज उगवलं. कार्ड बंद करायचं असेल तर पूर्ण भरणा करून पुढचं एक बिल येऊ द्यावं, त्यातली मागची बाकी भरावी आणि मग लेखी अर्ज द्यावा. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला 500 रुपये द्यायचे, असा नियम आहे.

बाईंची खरी चूक दुसरीकडेच होती. बोनस 16 तारखेला आला, भरणा 30 तारखेला झाला. ड्यू डेटच्या आधी पैसे कशाला द्यायचे, ही सवय बिनव्याजी काळात अगदी बरोबर आहे. व्याज चालू असताना मात्र ड्यू डेटला काही अर्थ उरत नाही. व्याज रोज चढतं, त्यामुळे पैसे हातात आले तोच भरण्याचा दिवस. 16 तारखेला भरले असते तर चौदा दिवसांचं व्याज आणि कर मिळून सुमारे 836 रुपये वाचले असते. अर्धे पैसे आधी, अर्धे नंतर असं केलं तरी फायदा होतो. ॲपमधला तो ‘दुसरी रक्कम’ नावाचा तिसरा पर्याय अशा वेळी कामाचा, आणि तो महिन्यातून कितीही वेळा वापरता येतो.

एक सापळा याहूनही साधा आहे. कार्ड घेताना बँक खात्यातून आपोआप पैसे वळते करायचा अर्ज भरला जातो. त्यात ‘एकूण देय’ की ‘किमान देय’ अशी एक खूण करायची असते. विक्री प्रतिनिधीनं घाईत अर्ज भरला असेल किंवा ग्राहकानंच ‘सुरुवातीला कमी जाऊ देत’ म्हणून खूण केली असेल, तर दर महिन्याला किमान रक्कमच जाते. खात्यात लाखभर रुपये पडून असतात, बचत खात्यावर त्यांना अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं, आणि शेजारच्या कार्डावर सालाना 42 टक्क्यांनी देणं वाहत असतं. ही खूण ॲपमध्ये ‘ऑटो पे’ किंवा ‘ऑटो डेबिट’ या नावाखाली तपासता येते, बदलताही येते.

एटीएममधून कार्डावर रोख रक्कम काढण्याबद्दल एवढंच, की तिला बिनव्याजी मुदत नसतेच. बिल पूर्ण भरणाऱ्यालाही त्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, आणि काढण्याचं शुल्क वेगळं.

ड्यू डेट चुकली तर काय, हा प्रश्न वेगळा आहे, पण तो नेहमी याच्याशी मिसळला जातो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही आणि पतमापन संस्थेला थकबाकी कळवता येत नाही. आणि शुल्क लावायचं ते ड्यू डेटनंतर उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. तीन दिवसांचा हा दिलासा मोलाचा आहे. मात्र हे कलम बोलतं ते शुल्काबद्दल आणि थकबाकी कळवण्याबद्दल. दोन दिवस उशीर झाला तर व्याज लागणार नाही, असं त्यातून कुणी गृहीत धरू नये.

इतका दर लावायला कायद्याची आडकाठी नाही का, असं विचारलं जातं. एकेकाळी होती, निदान कागदावर. ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 7 जुलै 2008 रोजी निकाल दिला की, कार्डाच्या थकबाकीवर सालाना 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 20 डिसेंबर 2024 रोजी न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठानं आयोगाचा तो निकाल रद्द केला. बँकांच्या व्याजदरांवर देखरेख ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं क्षेत्र, ग्राहक आयोगाला तिथे कमाल दर ठरवून देता येणार नाही, असा त्याचा रोख. रिझर्व्ह बँकेनं स्वतः आकड्यात मर्यादा घातलेली नाही. दर अवाजवी नसावा, त्याची कमाल पातळी बँकेनं ठरवून जाहीर करावी आणि ग्राहकाला वार्षिक दर स्पष्ट सांगावा, एवढं तिचं म्हणणं. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते आणि त्यावर चक्रवाढ व्याज जातं, असा इशाराही तिनं बंधनकारक केला आहे. तो बिलात असतो. ज्या टायपात असतो, त्यावरून तो वाचला जावा अशी छापणाऱ्याची फार इच्छा असेल असं वाटत नाही.

मग अडकलेल्यानं काय करायचं? जी बाकी पुढच्या एक-दोन महिन्यांत फिटणार नाही हे दिसतंय, तिला कार्डावर ठेवू नये. महाराष्ट्रात कारखान्यांच्या, शिक्षकांच्या, सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्था जागोजागी आहेत. बाईंच्या कंपनीतही अशी संस्था असेल आणि तिथे 14 टक्क्यांनी 40,000 चं कर्ज मिळालं, तर पहिल्या महिन्याचं व्याज साधारण 467 रुपये होतं. कार्डावर तेच करासह 1,652. सोनेतारण किंवा मुदत ठेवीवरची उचलही याच पट्ट्यात किंवा त्याहून स्वस्त पडते. बँक स्वतःही बाकीचे हप्ते पाडून द्यायला तयार असते. त्याचा दर फिरत्या बाकीपेक्षा बराच कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि हप्त्यातल्या व्याजावरचा जीएसटी मोजून मगच ‘हो’ म्हणावं. आणि हप्ते सुरू झाले की ते पुढच्या प्रत्येक किमान देय रकमेत पूर्ण धरले जातात, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

कुठलाही मार्ग घेतला तरी एक गोष्ट आधी करावी लागते. त्या कार्डावरचा रोजचा खर्च थांबवायचा. दुसरं कार्ड असेल आणि त्याचं बिल पूर्ण भरलं जात असेल, तर त्याची बिनव्याजी मुदत शाबूत असते, कारण प्रत्येक कार्डाचं खातं स्वतंत्र आहे. नाहीतर डेबिट कार्ड, यूपीआय किंवा रोख. पूर्ण भरणा झाल्यावर बिनव्याजी मुदत नेमकी कोणत्या बिलापासून परत सुरू होते, हे बँकेला ईमेल करून विचारावं. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर कुणाला दाखवता येत नाही.

बिलातल्या व्याजाचा ताळा घरी करता येतो. कागदाच्या एका बाजूला खरेदीची तारीख आणि रक्कम, दुसऱ्या बाजूला भरण्याची तारीख आणि रक्कम. प्रत्येक रकमेला वार्षिक दरानं गुणायचं, जितके दिवस बाकी राहिली त्या दिवसांनी गुणायचं आणि 365 नं भागायचं. आलेल्या बेरजेवर 18 टक्के कर. पाच-दहा रुपयांचा फरक दिवस मोजण्याच्या पद्धतीमुळे पडतो. शेकड्यांत फरक आला तर मात्र बँकेकडे लेखी विचारणा करावी. मागची दोन बिलं आणि भरण्याची पावती सोबत जोडावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. ‘दर फार जास्त आहे’ ही तक्रार तिथे टिकत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. तीन दिवसांच्या आत लावलेलं विलंब शुल्क, भरणा वजा न करता लावलेलं व्याज, शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून केलेली आकारणी या तक्रारींची दखल मात्र तिथे घेतली जाते.